फोनपेची घरवापसी: आठ हजार कोटींचा कर आला कुठून?

ऑक्टोबर २०२२ मध्ये फोनपेने जाहीर केलं की कंपनीचं अधिकृत ठिकाण सिंगापूरहून भारतात आणलं आहे. पैसे पाठवणाऱ्याला यातलं काही जाणवलं नाही. टपरीवरचा क्यूआर कोड तोच होता, ‘प्राप्त हुए’ म्हणणारा स्पीकरही तोच. तीन महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, संस्थापक समीर निगम आणि राहुल चारी यांनी या स्थलांतराचा हिशेब उघडपणे मांडला. गुंतवणूकदारांनी भरलेला कर जवळपास ८,००० कोटी रुपये, आणि शिवाय सुमारे ९० कोटी डॉलरचा साचलेला तोटा पुढच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क जाण्याची वेळ. कंपनी बंगळुरूची, ग्राहक भारतातले, पैसा रुपयांत. मग परत यायला एवढा खर्च का?

त्यासाठी फ्लिपकार्टपर्यंत मागे जावं लागतं. बंगळुरूत २००७ मध्ये सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०११ मध्ये आपली होल्डिंग कंपनी, म्हणजे बाकी कंपन्यांचे शेअर धरणारी मूळ कंपनी, सिंगापूरला नेली. तेव्हाच्या स्टार्टअपांमध्ये ही सर्रास चाल होती. परदेशी फंडांना सिंगापूर किंवा अमेरिकेतल्या डेलावेअरचे कायदे ओळखीचे होते, तिथे शेअर विकून बाहेर पडणं सोपं होतं, आणि तोट्यातली कंपनी भारतीय शेअर बाजारात येईल असं कोणाला वाटत नव्हतं. पुढे २०१२ मध्ये ‘एंजल टॅक्स’ आला, म्हणजे रास्त किमतीपेक्षा जास्त दराने शेअर विकले तर वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरायची. बाहेर जायचं आणखी एक कारण मिळालं.

बाहेर जाताना खर्च फारसा येत नाही, कारण कंपनीची किंमत तेव्हा थोडी असते. परदेशात नवी कंपनी काढायची, संस्थापक आणि गुंतवणूकदारांनी भारतीय शेअरच्या बदल्यात तिचे शेअर घ्यायचे, आणि भारतीय कंपनी तिची उपकंपनी होते. रिझर्व्ह बँकेला मात्र एक गोष्ट खटकायची: भारतीय रहिवाशाने परदेशी कंपनीत पैसे घालायचे आणि तिने ते पुन्हा भारतात आणायचे. हा फेरा ऑगस्ट २०२२ च्या नव्या परदेशी गुंतवणूक नियमांपर्यंत संशयाच्याच नजरेने पाहिला जाई.

फोनपेने हा मार्ग स्वतः निवडलेला नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये ती भारतीय कंपनी म्हणूनच सुरू झाली. एप्रिल २०१६ मध्ये फ्लिपकार्टने ती विकत घेतली, आणि मालकी सिंगापूरच्या छताखाली गेली. मे २०१८ मध्ये वॉलमार्टने १,६०० कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यात फोनपेही आली. डिसेंबर २०२० मध्ये फ्लिपकार्ट आणि फोनपेची अंशतः फारकत झाली आणि फोनपेचं मूल्यांकन ५५० कोटी डॉलर ठरलं. जानेवारी २०२३ च्या फेरीत ते १,२०० कोटींवर गेलं.

एवढ्या कराचं मूळ याच दोन आकड्यांमध्ये आहे. परत येताना फोनपेने सिंगापूरची कंपनी भारतीय कंपनीत विलीन केली नाही. वॉलमार्टसह फ्लिपकार्टच्या सिंगापूरमधल्या भागधारकांनी भारतीय फोनपेचे शेअर थेट विकत घेतले. कायद्याच्या भाषेत ही विक्री, आणि विक्री म्हटली की भांडवली नफा आला. सहा-सात वर्षांत वाढलेली सगळी किंमत एकदम करपात्र ठरली. कोणाच्या हातात रोख पैसा आलेला नव्हता, तरी कर रोखीतच भरायचा होता. मालकी ४९ टक्क्यांहून जास्त बदलली की जुने तोटे पुढे नेता येत नाहीत, हे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ७९. वरच्या ९० कोटी डॉलरवर तेच लागू होतं.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आली. तीन हजारांहून अधिक जणांचे ईसॉप, म्हणजे ठरलेल्या दराने कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, नव्या भारतीय योजनेत गेले आणि हक्क मिळण्याचा कालावधी पुन्हा शून्यापासून मोजावा लागला. भारतीय नियमांत ईसॉप दिल्यापासून निदान वर्षभर हक्क मिळत नाही. विलीनीकरण असेल तर जुन्या कंपनीतला काळ धरता येतो. शेअर विकत घेऊन केलेल्या स्थलांतराला ती सवलत नाही. चार वर्षं काम केलेला माणूस कागदावर नवखा ठरला. बातम्यांत कराचा आकडा मोठा दिसला, पण कंपनीच्या आत याच गोष्टीची जास्त चर्चा झाली असणार.

विलीनीकरणाचा मार्ग तेव्हाही होता. कंपनी कायद्याचं कलम २३४ एप्रिल २०१७ मध्ये लागू झालं आणि रिझर्व्ह बँकेचे सीमापार विलीनीकरणाचे नियम मार्च २०१८ मध्ये आले. शेअर गुंतवणुकीचं ॲप चालवणाऱ्या ग्रोने हीच वाट धरली. तिची होल्डिंग कंपनी डेलावेअरची होती. ती मार्च २०२४ मध्ये भारतीय कंपनीत, बिलियनब्रेन्स गॅरेज व्हेंचर्समध्ये, विलीन झाली. भारतात अशा विलीनीकरणावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण उरणारी कंपनी भारतीय असते. पण अमेरिका आपल्या कंपनीला सहजासहजी जाऊ देत नाही. मालमत्ता परदेशी कंपनीकडे गेली की ती विकल्याप्रमाणे कर आकारते. ग्रोला त्यापोटी सुमारे १,३४० कोटी रुपये भरावे लागले, आणि २०२३-२४ चं वर्ष ८०५ कोटींच्या तोट्यात गेलं. म्हणजे मार्ग बदलला तरी कर चुकला नाही. तो घेणारा देश बदलला.

मंजुऱ्यांची साखळी लांब असते. आधी दोन्ही संचालक मंडळं योजना मान्य करतात. नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालावरून शेअर किती प्रमाणात बदलायचे ते ठरतं. मग प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे म्हणजे एनसीएलटीकडे जातं. भागधारक आणि धनकोंच्या सभांमध्ये मूल्याने तीन-चतुर्थांश मतं लागतात. प्राप्तिकर खातं, रिझर्व्ह बँक, कंपनी व्यवहार मंत्रालयाचे प्रादेशिक संचालक यांना नोटिसा जातात. भागधारकांत चीनसारख्या शेजारी देशाचा गुंतवणूकदार असेल, तर एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ मुळे भारतीय शेअर हाती घेण्यासाठी त्याला सरकारची वेगळी परवानगी लागते.

खरी कटकट मात्र परदेशातल्या करारांत असते. सिंगापूर किंवा डेलावेअरच्या करारात गुंतवणूकदाराला नकाराधिकार असतो आणि कंपनी विकली किंवा गुंडाळली गेली तर आधी पैसे मिळण्याचा हक्कही. विलीनीकरणात हे हक्क आपोआप भारतात येत नाहीत. भारतीय कायद्याच्या चौकटीत ते नव्याने लिहावे लागतात. तेव्हा प्रत्येक जण आपला हक्क पुन्हा मोजून घेतो, आणि एखाद्या फंडाचा नकार सगळं लांबवू शकतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनी विलीनीकरणाच्या नियमांतला नियम २५ए बदलला. परदेशी होल्डिंग कंपनीला आपल्या पूर्ण मालकीच्या भारतीय उपकंपनीत विलीन व्हायचं असेल, तर एनसीएलटीऐवजी कलम २३३ चा झटपट मार्ग खुला झाला. दोन्ही कंपन्यांनी रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी घ्यायची आणि अर्ज प्रादेशिक संचालकाकडे द्यायचा. या मार्गात ९० टक्के शेअरधारकांची संमती लागते, पण भारतीय उपकंपनीचा भागधारक ती परदेशी मूळ कंपनीच असल्याने ती अट नावापुरती उरते. जड जातं ते मूल्याने ९० टक्के धनकोंना राजी करणं. बँकांचं कर्ज मोठं असेल तर हा झटपट मार्गही रेंगाळू शकतो.

एंजल टॅक्स २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला होताच. जून २०२५ मध्ये सेबीने आणखी एक अडसर काढला. आयपीओत विकायचे शेअर निदान वर्षभर हातात असावे लागतात, आणि परत आलेल्या कंपन्यांतल्या गुंतवणूकदारांकडचे परिवर्तनीय रोखे शेअरमध्ये बदलले की हा वर्षाचा हिशेब नव्याने सुरू होण्याची भीती असे. मंजूर योजनेतून मिळालेल्या अशा रोख्यांना आता सूट आहे. फोनपेने सप्टेंबर २०२५ मध्ये गोपनीय मार्गाने आयपीओचा मसुदा सेबीकडे दिला. ज्या बाजारासाठी ती परत आली, त्याच्या दारापर्यंत पोचायला तिला जवळपास तीन वर्षं लागली.