तीन मीटरच्या स्टॉलमध्ये तीन मीटरचे रॅक का मावत नाहीत?

प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात ‘स्टॉल ३ × ३ मीटर’ असं छापलेलं असतं. त्यावर विसंबून मागच्या भिंतीसाठी एक-एक मीटरचे तीन रॅक मागवले, तर तिसरा रॅक काही केल्या बसत नाही. बंदिस्त सभागृहांतले बरेचसे स्टॉल ॲल्युमिनियमच्या अष्टकोनी खांबांत पॅनेल सरकवून उभे करतात. या पद्धतीला बाजारात सरसकट ‘ऑक्टोनॉर्म’ म्हणतात. तिच्या प्रचलित मापात एका खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत ९९० मिमी अंतर असतं. अशी तीन अंतरं म्हणजे २९७० मिमी. खांब ४० मिमी जाड असल्यामुळे दोन्ही टोकांना २०-२० मिमी आत येतो आणि हातात मोकळी जागा उरते २९३० मिमी. सात सेंटीमीटर गेले, आणि तिसरा रॅक अडला तो तेवढ्याचसाठी.

मैदानावरच्या मांडवात स्टॉल ‘दहा बाय दहा’ फुटांचा, म्हणजे ३०४८ मिमीचा सांगतात. तिथे खांब आणि कापड कुठे येतं त्यावर आतलं माप ठरतं. म्हणून स्टॉलच्या आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी उभारणी करणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: आतून आत किती?

हे सात सेंटीमीटर कागदावर दिसणार की नाही, ते प्रमाणावर ठरतं. १:५० ला ७० मिमी म्हणजे कागदावर १.४ मिमी. पेन्सिलीच्या रेघांतच हा फरक हरवतो. १:२० ला तो ३.५ मिमी होतो आणि चटकन डोळ्यांत भरतो. १:१० घेतलं तर स्टॉलच २९३ मिमीचा होईल आणि ए-४ कागदाच्या २१० मिमी रुंदीत मावणार नाही. एका स्टॉलसाठी १:२० सोयीचं ते यामुळेच. स्टॉलची बाजू १४६.५ मिमी येते आणि भोवती मापं लिहायला जागा उरते. आलेख कागदावर काढलं तर एक मिलिमीटर म्हणजे खरे दोन सेंटीमीटर. सगळी मापं मिलिमीटरमध्येच लिहावीत आणि कोपऱ्यात तशी नोंद करावी. एका ठिकाणी ‘९०’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘९००’ दिसलं की सुतार आपल्या मनाने अर्थ लावतो.

आता तीन बाजूंनी बंद, फक्त समोरून उघडा असा मसाले-पापडांचा स्टॉल घेऊ. आराखडा म्हणजे सुमारे १२०० मिमी उंचीवर आडवा छेद घेऊन वरून पाहिलेलं चित्र. भिंती आणि खांब या छेदात कापले जातात, म्हणून त्यांची रेघ सगळ्यांत जाड. टेबल-खुर्च्या छेदाच्या खाली दिसतात, त्यांची रेघ मध्यम. मापांच्या रेघा सगळ्यांत बारीक. समोर वर असलेली नावाची पट्टी म्हणजे फॅशिया आणि स्पॉटलाइट छेदाच्या वर राहतात, म्हणून ते तुटक रेघेने दाखवायचे. फॅशिया अखंड रेघेने काढला, तर वाचणाऱ्याला समोर भिंत आहे असंच वाटेल.

मागच्या भिंतीला डावीकडून ९०० मिमीचे दोन रॅक आणि मग मालासाठी १००० मिमीचं कपाट ठेवलं, तर बेरीज २८०० होते आणि १३० मिमी फट उरते. ही फटसुद्धा मापांच्या साखळीत लिहायची: ९०० + ९०० + १००० + १३० = २९३०. साखळीची बेरीज एकूण मापाशी जुळली नाही, तर कुठलीतरी वस्तू चुकीची काढली आहे किंवा एखादी फट धरायची राहिली आहे. आराखडा तपासायचा याहून सोपा उपाय नाही. दुसरी साखळी मागून पुढे: रॅक ४००, विक्रेत्याची जागा ९००, टेबल ६००, समोर १०३०. बेरीज पुन्हा २९३०. टेबल अगदी दर्शनी कडेला ढकलण्याचा मोह बहुतेकांना होतो. तसं केलं की गिऱ्हाईक मधल्या रस्त्यात उभं राहतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात दोन मिनिटांत निघून जातं. हे १०३० मिमी त्याला आत उभं राहायला ठेवलेले आहेत.

टेबलांच्या रांगेत मात्र खरी अडचण निघते. १२०० मिमीची दोन टेबलं डाव्या भिंतीपासून लावली की उजवीकडे फक्त ५३० मिमी उरतात. रिकाम्या हाताने माणूस अंग चोरून जाईल, पण खोका उचलून नाही. दुसरं टेबल ९०० मिमीचं घेतलं की वाट ८३० मिमीची होते आणि प्रश्न मिटतो.

कपाटाची गंमत त्याच्या दारांत आहे. ते ५०० मिमी खोल आहे, म्हणजे त्याच्यापुढे टेबलापर्यंत ८०० मिमी. प्रत्येक दार ५०० मिमी रुंद. आराखड्यात दार उघड्या स्थितीत काढून त्याच्या फिरण्याचा पाव वर्तुळाचा कंस काढा. डावं दार उघडलं की त्याचं टोक आणि टेबल यांमध्ये जेमतेम ३०० मिमी उरतात. तिथे खुर्चीवर बसलेल्याला दर वेळी उठावं लागेल. सरकती दारं किंवा साधा पडदा लावला की हा कंसच पुसून टाकता येतो. नुसता चौकोन काढला असता तर हे प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी कळलं असतं.

खुर्चीसाठी ४५० मिमीचा चौकोन आणि पाठीच्या बाजूला एक जाड रेघ पुरते. त्यावरून ती कुठे तोंड करून आहे ते कळतं. मात्र प्रत्येक चिन्ह त्याच प्रमाणात हवं. दुसऱ्या आराखड्यातून उचललेलं १:५० चं टेबल इथे चिकटवलं, तर ते ६० ऐवजी २४ मिमीचं दिसतं आणि स्टॉल खोटाच ऐसपैस वाटतो.

नावं वस्तूच्या आत, आडवी आणि निदान ३ मिमी उंच अक्षरांत लिहावीत. ‘टेबल १२०० × ६००, उंची ७५०’ असं लिहिलं की भाड्याने सामान देणाऱ्याचा फोन येत नाही. खुर्ची, कचरापेटी यांत नाव मावत नाही, तिथे आकडा घालून बाजूला सूची द्यावी. प्लगची जागा भिंतीपासून किती आणि जमिनीपासून किती, ही दोन्ही मापं हवीत. वरून पाहिलेल्या चित्रात उंची दिसतच नाही. मापांची रेघ स्टॉलच्या बाहेर साधारण १० मिमीवर ठेवावी आणि आकडे कागदाच्या खालून किंवा उजवीकडून वाचता येतील असेच लिहावेत. समोरच्या बाजूला ‘मधला रस्ता’ आणि दोन्ही शेजारच्या स्टॉलचे क्रमांक लिहिले नाहीत, तर उभारणीवाले सगळी मांडणी उलटीही लावू शकतात.

शेवटी खाली ५० मिमीची रेघ काढून तिच्यावर ‘१००० मिमी’ लिहावं. प्रिंटर Fit to page वर असला, तर चित्र आक्रसतं, पण ‘१:२०’ हे अक्षरांत लिहिलेलं तसंच राहतं आणि खोटं बोलायला लागतं. रेघ मात्र चित्रासोबतच आक्रसते. पट्टी लावून ती ४७ मिमी भरली, तर कागद ९४ टक्क्यांवर छापला गेला आहे. मग त्या कागदावर पट्टीने मोजून काही मागवू नये, Actual size निवडून पुन्हा छापावं. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या आराखड्यात तर लिहिलेले आकडे आणि ही रेघ, एवढंच भरवशाचं असतं.