एका मॉड्यूलचा टेस्ट प्लॅन आणि टेस्ट समरी रिपोर्ट: पात्रता, कागदपत्रे आणि लेखनाची पद्धत

सॉफ्टवेअरचे एखादे मॉड्यूल चाचणीसाठी स्वीकारण्यापासून ते मंजुरीची सही होईपर्यंत दोन कागद तयार करावे लागतात: चाचणीपूर्वीचा टेस्ट प्लॅन आणि चाचणीनंतरचा टेस्ट समरी रिपोर्ट. या कागदांचा ढोबळ साचा अनेक ठिकाणी आजही आयईईई 829 या मानकावरून घेतलेला असतो. हे मानक 1983 मध्ये प्रथम आले आणि त्याच्या 1998 च्या आवृत्तीत टेस्ट प्लॅनची 16 शीर्षके दिलेली आहेत. एका लहान मॉड्यूलसाठी ती सर्वच पानभर भरण्याची गरज नसते. काय तपासणार, काय तपासणार नाही, उत्तीर्ण कशाला म्हणणार आणि चाचणी केव्हा थांबवणार, एवढे मात्र सुटता कामा नये.

पुढील विवेचनासाठी सरावाचे एक मॉड्यूल घेऊ, ज्यात ऑनलाइन अर्जातील जन्मतारखेवरून वयाची पात्रता ठरवली जाते. नियम केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षा 2025 चा आहे: 1 ऑगस्ट 2025 रोजी उमेदवाराची 21 वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि 32 वर्षे पूर्ण झालेली नसावीत. आयोग हाच नियम तारखांतही सांगतो, म्हणजे उमेदवाराचा जन्म 2 ऑगस्ट 1993 च्या आधीचा आणि 1 ऑगस्ट 2004 च्या नंतरचा नसावा. नियमाचे हे दुसरे रूप टेस्टरला सोन्यासारखे आहे, कारण त्यात सीमा आयत्या मिळतात.

चाचणी सुरू करण्याची पात्रता आणि कागदपत्रे

मॉड्यूल चाचणीस पात्र ठरण्यासाठी मंजूर केलेला लेखी नियम, बिल्डचा म्हणजे चाचणीला दिलेल्या सॉफ्टवेअर आवृत्तीचा क्रमांक आणि बिल्ड तयार करणाऱ्याने स्वतः केलेल्या प्राथमिक तपासणीची नोंद हाती असावी लागते. नियम तोंडी असेल तर प्लॅन लिहायला बसू नये. आधी तो लेखी मागून घ्यावा. ज्याने कोड लिहिला त्यानेच चाचणीला मंजुरी देऊ नये, कारण नियम वाचताना त्याची जी गल्लत झाली असेल, तीच अपेक्षित निकाल लिहितानाही होते.

प्लॅनमध्ये व्याप्तीबाहेरच्या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. आपल्या उदाहरणात इतर मागासवर्गीयांना मिळणारी 3 वर्षांची आणि अनुसूचित जाती-जमातींना मिळणारी 5 वर्षांची सवलत या फेरीत तपासलेली नाही. हे वाक्य प्लॅनमध्ये नसेल, तर रिपोर्ट वाचणारा तीही तपासली असे गृहीत धरतो.

टेस्ट केस

आपण दहा केस घेऊ. पहिल्या चार थेट सीमेवरच्या आहेत: 01-08-1993 अपात्र, 02-08-1993 पात्र, 01-08-2004 पात्र, 02-08-2004 अपात्र. पाचवी मधली, 15-06-1998, पात्र. सहावी 29-02-2000, जी खरी तारीख आहे आणि पात्र आहे. सातवी 29-02-2001 आणि आठवी 31-04-1998 या कॅलेंडरमध्ये नसलेल्या तारखा आहेत. त्यांवर ‘तारीख चुकीची आहे’ असा संदेश यायला हवा. नववीत रकाना रिकामा ठेवायचा आणि दहावीत भविष्यातली तारीख टाकायची. दोन्हींत संदेश अपेक्षित आहे.

अपेक्षित निकाल नियमावरून आणि केस चालवण्यापूर्वी लिहावा. पडद्यावर आलेले उत्तर पाहून तो रकाना भरला, तर ती केस कधीच नापास होणार नाही. प्रत्यक्ष निकालाच्या रकान्यात ‘अपेक्षेप्रमाणे’ असा शेरा न मारता पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा उतरवावा.

निकाल आणि डिफेक्ट

पहिल्या फेरीत दुसरी, चौथी, सातवी आणि आठवी केस नापास झाली. नापास केस चार असल्या तरी डिफेक्ट, म्हणजे कोडमधील मूळ दोष, दोनच आहेत, आणि हा फरक रिपोर्टमध्ये दिसलाच पाहिजे. वय काढणारी ओळ अशी होती:

```javascript
const age = Math.floor(days / 365);
```

2 ऑगस्ट 1993 ते 1 ऑगस्ट 2025 या काळात 11687 दिवस होतात, कारण मध्ये आठ लीप दिवस येतात. 365 ने भागल्यावर उत्तर 32 च्या वर जाते आणि पात्र उमेदवार बाहेर फेकला जातो. डिफेक्टच्या नोंदीत एवढ्यावर थांबू नये, बाधित पट्टा मोजून लिहावा. येथे 2 ते 9 ऑगस्ट 1993 या आठ दिवसांत जन्मलेले चुकीने अपात्र ठरतात, तर 2 ते 6 ऑगस्ट 2004 या पाच दिवसांत जन्मलेले चुकीने पात्र. असा पट्टा दिला की डिफेक्टची तीव्रता किती, यावर बैठकीत वाद उरत नाही.

दुसरा डिफेक्ट तारखेच्या वैधतेचा आहे. खालच्या ओळीतील 29 फेब्रुवारी 2001 ही तारीख जावास्क्रिप्ट नाकारत नाही, तर मुकाट्याने 1 मार्च 2001 धरते. 31 एप्रिलचा 1 मे याच वाटेने होतो.

```javascript
new Date(2001, 1, 29)
```

नोंदीत बिल्ड क्रमांक, टाकलेली तारीख, अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल, पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या आणि संबंधित केस क्रमांक असावेत. कोडमधील कारण सापडले तर जोडावे, पण ते शोधणे ही नोंदीची अट नव्हे.

दुरुस्त बिल्डमध्ये 365 च्या जागी 365.25 आले आणि कॅलेंडरमध्ये नसलेली तारीख नाकारण्याची तपासणीही जोडली गेली. दुसरी, चौथी, सातवी आणि आठवी केस आता पास झाली. अनेक जण नेमके येथेच थांबतात. दहाही केस पुन्हा चालवल्यावर मात्र आधी पास झालेली तिसरी केस नापास निघाली: 1 ऑगस्ट 2004 पासून 7670 दिवस होतात, तर 21 वर्षांना या हिशेबाने 7670.25 दिवस लागतात, म्हणून बरोबर 21 वर्षे पूर्ण केलेला उमेदवार 20 चा ठरतो. हा तिसरा डिफेक्ट पहिल्याच्या दुरुस्तीतून आला असे नोंदीत लिहून दोन्ही क्रमांक जोडावेत. तिसऱ्या बिल्डमध्ये दिवसांचा भागाकार काढून जन्मतारखेची थेट दोन सीमा-तारखांशी तुलना केली, तेव्हा दहाही केस पास झाल्या.

समरी रिपोर्ट

रिपोर्टमध्ये फक्त ‘दहापैकी दहा पास’ असे लिहिणे खोटे नसले तरी अपुरे आहे. तीन बिल्डच्या तीन ओळी द्याव्यात: पहिल्यात सहा पास आणि चार नापास, दुसऱ्यात नऊ पास आणि एक नापास, तिसऱ्यात दहाही पास. त्याखाली एकूण डिफेक्ट तीन, बंद तीन, शिल्लक शून्य.

माझ्या मते मंजुरी देणाऱ्याने सर्वांत आधी वाचावा असा भाग प्लॅनपासून झालेल्या फारकतीचा आहे. समजा प्लॅनमध्ये मोबाइलवरील चाचणी होती आणि वेळेअभावी ती झाली नाही. मग रिपोर्टमध्ये तसे लिहून जोखीमही नोंदवावी: मोबाइलवर तारीख निवडण्याची खिडकी वेगळी असते, त्यामुळे चुकीची तारीख नाकारली जाते की नाही, हे तेथे सिद्ध झालेले नाही.

शिफारस त्याच मर्यादेत लिहावी: ‘सवलत नसलेल्या उमेदवारांसाठी, संगणकावरील ब्राउझरपुरते, तिसरे बिल्ड स्वीकारण्यास हरकत नाही, मोबाइल आणि सवलतीची चाचणी बाकी.’ खाली टेस्टरची आणि मंजुरी देणाऱ्याची सही, तारीख, तसेच ज्या बिल्डसाठी सही केली त्याचा क्रमांक येतो. बिल्ड बदलले की ही सही लागू राहत नाही, आणि दहा केस पुन्हा पहिल्यापासून चालवाव्या लागतात.