भाड्याच्या राउटरचे दूरस्थ व्यवस्थापन

इंटरनेट पुरवठादाराने भाड्याने दिलेला राउटर ग्राहकाच्या घरात असला, तरी त्याची मुख्य किल्ली पुरवठादाराकडे राहते. कंपनीच्या केंद्रातील सर्व्हरवरून राउटरच्या नोंदी वाचणे, सेटिंग बदलणे, नवे फर्मवेअर, म्हणजे राउटरचे आतले सॉफ्टवेअर, चढवणे आणि राउटर बंद-चालू करणे, या सगळ्याला मिळून दूरस्थ व्यवस्थापन म्हणतात. यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा नियमसंच म्हणजे टीआर-०६९. डीएसएल फोरमने (आजचे ब्रॉडबँड फोरम) तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. राउटरच्या सेटिंगच्या पानावर तो `TR-069` किंवा `CWMP` या नावाने दिसतो. त्याचा वारसदार टीआर-३६९ नव्या उपकरणांत येऊ लागला आहे. केबल आणि फायबर जोडण्यांमध्ये मॉडेमसाठी आणखी वेगळे मार्ग असतात. ही नोंद मात्र टीआर-०६९ भोवतीच राहते.

संवाद कसा चालतो. बरेच जण समजतात की कंपनी बाहेरून राउटरमध्ये शिरते. प्रत्यक्षात प्रत्येक संवादाची सुरुवात राउटर करतो. चालू झाल्यावर आणि नंतर ठरावीक अंतराने तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी उघडतो आणि `Inform` हा संदेश पाठवतो: मी अमुक बनावटीचा, अमुक क्रमांकाचा, माझे फर्मवेअर हे, माझा बाहेरचा पत्ता हा. त्याच जोडणीवरून सर्व्हर आपले प्रश्न आणि आज्ञा पाठवतो. जोडणी आतून बाहेर जात असल्यामुळे राउटरचा फायरवॉल तिला अडवत नाही. दोन भेटींमधले अंतर `PeriodicInformInterval` मध्ये सेकंदांत लिहिलेले असते. ८६४०० म्हणजे दिवसातून एकदा. मधेच काम निघाले, तर सर्व्हर राउटरच्या एका पोर्टवर, सहसा ७५४७ वर, छोटीशी हाक देतो आणि ती ऐकून राउटर स्वतः फोन लावतो.

सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये `ManagementServer.URL` या जागी असतो. तो कारखान्यातच भरलेला असू शकतो, किंवा जोडणी सुरू होताना पुरवठादाराच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेच्या, उत्तरातून येऊ शकतो. म्हणून कोणी हा पत्ता पुसला, तरी पुढच्या रीसेटनंतर तो परत दिसू शकतो.

काय दिसते. राउटरमधली सगळी माहिती झाडासारख्या मांडणीत असते आणि सर्व्हर त्यातली कोणतीही फांदी मागू शकतो. घराच्या खाजगीपणाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी फांदी जोडलेल्या उपकरणांच्या यादीची आहे. जुन्या मांडणीत तिच्यातली एका उपकरणाची नोंद अशी असते:

```
InternetGatewayDevice.LANDevice.1.Hosts.Host.3.HostName
InternetGatewayDevice.LANDevice.1.Hosts.Host.3.MACAddress
InternetGatewayDevice.LANDevice.1.Hosts.Host.3.IPAddress
InternetGatewayDevice.LANDevice.1.Hosts.Host.3.Active
```

`HostName` मध्ये फोनने स्वतःहून सांगितलेले नाव येते आणि पुष्कळदा त्यात मालकाचे नाव असते. मॅक पत्त्याचे पहिले तीन भाग उत्पादक सांगतात (फोन बनावट मॅक वापरत नसेल तर), म्हणजे घरात कोणत्या कंपनीचा कॅमेरा आहे हे कळते. `Active` हे त्या क्षणी उपकरण जोडलेले आहे की नाही ते दाखवते. हेच उत्तर दिवसातून अनेकदा नोंदवले, तर घरात कोण कधी असते याचा आराखडा तयार होतो. नव्या मांडणीत प्रत्येक वायफाय उपकरणाच्या सिग्नलची ताकद आणि त्याने पाठवलेल्या-घेतलेल्या बाइटची मोजणीही मिळते. शेजारच्या वायफायची यादी मागण्याची सोय असते. वाहिनी ठरवण्यासाठी ती लागते हे खरे, पण त्या शेजाऱ्यांनी परवानगी दिलेली नसते.

वायफायच्या पासवर्डबाबत नियम आणि वास्तव यांत फरक आहे. नियमानुसार पासवर्डची जागा वाचायला गेल्यास रिकामे उत्तर मिळायला हवे. पण उत्पादक `X_` ने सुरू होणाऱ्या स्वतःच्या जागा जोडू शकतात आणि तिथे तो उघडा ठेवलेला आढळतो. शिवाय `Upload` या आज्ञेने राउटरची सगळी सेटिंगची फाइल मागवता येते. ग्राहक सेवेतला माणूस फोनवर तुमचा चालू पासवर्ड वाचून दाखवत असेल, तर दुसरा पुरावा शोधायला नको.

टीआर-०६९ च्या ठरलेल्या मांडणीत तुम्ही कोणती पाने उघडली किंवा काय लिहिले याची फांदी मात्र नाही. तुम्ही कोणत्या सर्व्हरशी बोलता हे पुरवठादाराला लाइनवरूनच कळते. त्यासाठी त्याला राउटरमध्ये डोकावावे लागत नाही, आणि मजकूर एचटीटीपीएसमुळे झाकलेला असतो. दूरस्थ व्यवस्थापनाने मिळणारी वेगळी गोष्ट म्हणजे घराच्या आतला नकाशा. लाइनवरून सगळे घर एकच ग्राहक दिसते, राउटरमधून ते सहा फोन आणि एक कॅमेरा असे सुटे दिसते.

काय बदलता येते. वाचता येते ते बरेचसे लिहिताही येते: वायफायचे नाव, पासवर्ड, वाहिनी, पोर्ट उघडणे, उपकरणांना दिला जाणारा डीएनएस सर्व्हर. तुम्ही बदललेला डीएनएस काही दिवसांनी जुन्यावर आला, तर अनेकदा सर्व्हरने आपली ठरलेली किंमत पुन्हा लिहिलेली असते. कोणत्या जागेवर लक्ष ठेवायचे हेही सर्व्हर ठरवतो. एखाद्या जागेला सूचनेची खूण २ दिली, तर ती बदलताच राउटर लगेच कळवतो. १ दिली तर पुढच्या भेटीत सांगतो. अशा रीतीने तुम्ही आपल्या घरात पासवर्ड बदलल्याची बातमी केंद्रात पोचू शकते.

सगळ्यांत मोठी सत्ता `Download` या आज्ञेत आहे, कारण तिने फर्मवेअर बदलते. वरची यादी म्हणजे आजचे फर्मवेअर काय दाखवते एवढेच. उद्याचे फर्मवेअर काय दाखवेल याला त्या यादीचे बंधन नाही. म्हणूनच मला भाड्याच्या राउटरच्या आत एकेक खिडकी बंद करत बसणे हा पक्का उपाय वाटत नाही.

ही किल्ली कंपनीच्या हातात असणे हा एक धोका, आणि तिचे कुलूप कच्चे असणे हा दुसरा. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीत डॉइच टेलिकोमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. मिराय या बॉटनेटचा, म्हणजे कब्जा केलेल्या उपकरणांच्या फौजेचा, एक प्रकार इंटरनेटभर ७५४७ पोर्ट शोधत फिरत होता. काही उत्पादकांच्या राउटरमध्ये घराच्या आतून वापरायचा दुसरा नियमसंच त्याच पोर्टवर बाहेरून उघडा पडला होता आणि वेळेच्या सर्व्हरच्या नावाच्या रकान्यात आज्ञा घुसवता येत होती. टेलिकोमचे राउटर त्या आज्ञेला बळी पडले नाहीत, पण माऱ्याखाली अडकून बसले. नीट राखलेल्या जाळ्यात ७५४७ पोर्ट फक्त कंपनीच्या सर्व्हरला उत्तर देतो. तपासायचे तर मोबाइल डेटावरून, म्हणजे घराच्या जाळ्याबाहेरून, आपल्या सार्वजनिक पत्त्यावर ही आज्ञा चालवावी:

```
nc -vz 203.0.113.7 7547
```

इथला पत्ता नमुन्याचा आहे. जोडणी यशस्वी झाली, तर पोर्ट साऱ्या जगाला उघडा आहे आणि ते पुरवठादाराला कळवले पाहिजे. पुरवठादार अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देत असेल, तर या चाचणीतून काही निष्पन्न होत नाही.

बंद केले तर. काही राउटरच्या पानावर टीआर-०६९ बंद करण्याची खूण दिसते, बहुतेकांत ग्राहकाच्या लॉगिनला ते पानच दिसत नाही. बंद करता आले तरी सुरक्षेची फर्मवेअर अद्यतने थांबतात, राउटरला जोडलेला लँडलाइन फोन पुढच्या बदलानंतर मुका होऊ शकतो आणि भाडेकरारही मोडू शकतो. अद्यतन न होणारा राउटर इंटरनेटच्या तोंडावर ठेवणे हे कंपनीने डोकावण्यापेक्षा वाईट आहे. त्यामुळे भाड्याचा राउटर कंपनीचाच मानून सोडून द्यावा आणि आपली सीमा एक पाऊल आत घ्यावी.

स्वतःचा राउटर मागे लावणे. समजा एका घरात दोन फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा आणि प्रिंटर आहेत, आणि भाड्याचा राउटर `192.168.1.1` वर आहे. त्याच्या जोडलेल्या उपकरणांच्या पानावर सहा ओळी दिसतात. सर्व्हरलाही त्याच सहा मिळतात. आता स्वतःचा राउटर आणून त्याच्या वॅन पोर्टमधून केबल भाड्याच्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावायची. आतले जाळे वेगळ्या पत्त्यांचे हवे, उदाहरणार्थ `192.168.2.1`. दोन्हीकडे एकच पत्ते राहिले तर काहीच चालत नाही. वायफायला नवे नाव आणि नवा पासवर्ड द्यायचा, कारण जुना कंपनीकडे असू शकतो. सहाही उपकरणे नव्या जाळ्यावर आणायची आणि मग भाड्याच्या राउटरचे वायफाय बंद करायचे. शेवटी डीएनएस स्वतःच्या राउटरवर ठरवायचा, शक्यतो एनक्रिप्टेड, म्हणजे भाड्याच्या राउटरने सुचवलेला डीएनएस घरात पोचणार नाही.

यानंतर भाड्याच्या राउटरच्या पानावर एकच ओळ उरते: तुमच्या राउटरची. त्याचे नाव बदलून साधे ठेवता येते. वायफायच्या सिग्नलचे आकडे जातात, उपकरणनिहाय बाइटची मोजणी जाते, कोण घरी आहे हे कळत नाही. एकूण वापर आणि कुठल्या सर्व्हरशी बोलणे झाले हे तेवढे पूर्वीइतकेच दिसते.

फसगत होते ती एका ठिकाणी. बाजारातले मेश संच बसवताना पुढे आधीच राउटर आहे असे दिसले, की अनेक ॲप ॲक्सेस पॉइंट मोड सुचवतात. तो स्वीकारला की नवे उपकरण फक्त वायफाय पसरवते, पत्ते भाड्याचा राउटरच वाटतो आणि सहा ओळी परत येतात. घरातला माणूस मात्र आपण वेगळे झालो अशा समजुतीत राहतो. कसोटी सोपी आहे: फोनचा पत्ता `192.168.2.` ने सुरू झाला पाहिजे आणि भाड्याच्या राउटरच्या यादीत एकापेक्षा जास्त ओळ दिसता कामा नये. आयपीव्ही६ चालू असेल तर यादीचा तो भागही पाहावा. भाड्याचा राउटर मागच्या राउटरला स्वतंत्र पत्तागट देत नसेल, तर काही राउटर आतली उपकरणे थेट बाहेरच्या जाळ्यात पुढे करतात आणि ती पुन्हा मोजली जातात.

या मांडणीत पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. बाहेरून घरातल्या सर्व्हरवर यायचे असेल किंवा काही ऑनलाइन खेळांत मात्र अडते. तेव्हा भाड्याच्या राउटरवर डीएमझेड म्हणून, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या जिकडे पाठवायच्या ते ठिकाण म्हणून, आपल्या राउटरचा पत्ता द्यावा.

पुरवठादाराने ब्रिज मोड दिला तर तो अधिक स्वच्छ. मग लॉगिन आणि पत्तेवाटप तुमचा राउटर करतो आणि कंपनीच्या पेटीला आतली यादी उरतच नाही, फक्त लाइनची तब्येत कळते. तो बहुधा कंपनीलाच चालू करावा लागतो आणि लँडलाइन फोन त्यात बंद पडू शकतो, म्हणून आधी विचारावे.

दर महिन्या-दोन महिन्यांनी, आणि भाड्याचा राउटर रीसेट झाल्यावर तर नक्कीच, फोनवर आसपासच्या वायफायची यादी उघडावी. भाड्याच्या राउटरचे जुने नाव त्यात पुन्हा दिसले, तर अद्यतनाने किंवा सर्व्हरने त्याचे वायफाय परत चालू केले आहे, आणि जुना पासवर्ड लक्षात ठेवलेला टीव्ही किंवा प्रिंटर आपोआप त्यावर गेलेला असू शकतो. म्हणून स्थलांतराच्या दिवशीच प्रत्येक उपकरणातून जुने जाळे विसरायला लावावे.