सदनिकेचे गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी हस्तांतरण

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका मूळ सभासदाकडून विकत घेतल्यानंतर, त्या सभासदाच्या नावे असलेले संस्थेचे भाग, म्हणजे शेअर्स, आणि सदनिकेतील त्याचा हक्क खरेदीदाराच्या नावे संस्थेच्या दप्तरी नोंदविण्याच्या प्रक्रियेस हस्तांतरण म्हणतात. दुय्यम निबंधक कार्यालयात करारनामा नोंदला गेला की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. तो अपुरा आहे. नोंदणीकृत करारनाम्याने खरेदीदाराचा विक्रेत्याशी झालेला व्यवहार सिद्ध होतो. संस्थेत मतदानाचा, सभेत बसण्याचा आणि पुनर्विकासाच्या वेळी सभासद म्हणून बाजू मांडण्याचा अधिकार मात्र संस्थेने सभासदत्व दिल्यावरच मिळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम १५४ब-७ नुसार, वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे होणारे हस्तांतरण वगळता, संस्थेची देणी चुकती झाल्याशिवाय आणि खरेदीदाराने अर्ज करून सभासदत्व मिळविल्याशिवाय हस्तांतरण परिणामकारक ठरत नाही.

प्रक्रियेची सुरुवात विक्रेत्याकडून होते. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, त्याने हस्तांतरणाच्या इराद्याची १५ दिवसांची पूर्वसूचना संस्थेस द्यावयाची असते आणि तिच्यासोबत नियोजित खरेदीदाराचे संमतिपत्र जोडावयाचे असते. याच टप्प्यावर संस्थेच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहतो. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी ते आवश्यक नाही. परंतु कर्ज देणारी बँक ते मागत असल्याने विक्रेत्याने किंवा खरेदीदाराने त्यासाठी अर्ज केल्यास समितीने एका महिन्याच्या आत त्याचा गुणवत्तेवर विचार करावयाचा असतो. खरेदीदाराच्या दृष्टीने या टप्प्यावर त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला. थकीत देखभाल शुल्कावर उपविधी वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आकारू देतात, त्यामुळे जुनी बाकी पाहता पाहता वाढते, आणि सौद्याची पूर्ण रक्कम विक्रेत्याच्या हाती पडल्यानंतर तिचा भार बहुधा खरेदीदारावरच येतो.

करारनामा नोंदविल्यानंतर जो संच सचिवांकडे सादर करावयाचा असतो, त्याचा कणा म्हणजे विक्रेत्याचा हस्तांतरणाचा अर्ज, खरेदीदाराचा सभासदत्वाचा विहित नमुन्यातील अर्ज, नोंदणीकृत करारनाम्याची प्रत सूची क्रमांक दोनसह, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या उताऱ्यासह, आणि मूळ भाग प्रमाणपत्र. त्यांच्या जोडीला संस्थेची देणी फेडण्याची आणि उपविधी पाळण्याची हमीपत्रे, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे आणि पॅन यांच्या प्रती देतात. सदनिका आधी एकदोनदा विकली गेली असेल, तर मधल्या प्रत्येक करारनाम्याची प्रत लागते. अर्ज अडतात ते बहुतेक वेळा इथेच: मधला एखादा करारनामा नोंदविलेला नसतो, किंवा भाग प्रमाणपत्रावर दोन नावे असताना विक्रीवर एकाचीच सही असते. भाग प्रमाणपत्रावर मागील बाजूस नोंदलेली शेवटची नावे आणि करारनाम्यातील विक्रेत्यांची नावे अक्षरशः जुळतात की नाही, हे इसार देण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

रकमांबाबत नियम स्पष्ट आहेत. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि खरेदीदाराचे प्रवेश शुल्क १०० रुपये असते. याशिवाय संस्था हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे हस्तांतरणापोटीची जादा रक्कम, घेऊ शकते. त्याचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, मात्र ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाने त्यावर कमाल मर्यादा घातली असून महानगरपालिका क्षेत्रात ती २५,००० रुपये आहे. लहान नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती उतरत जाते. कुटुंबातील व्यक्तीच्या, वारसाच्या किंवा नामनिर्देशिताच्या नावे हस्तांतरण होताना अधिमूल्य आकारता येत नाही. देणगी, इमारत निधी किंवा विकास निधी अशा नावांनी जादा रक्कम मागणे याच परिपत्रकाच्या विरुद्ध आहे, मग त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव असला तरीही.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास हे सारे कसे घडते ते दिसते. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील सदनिका एक दांपत्य विकत घेते. विक्रेत्याचे गृहकर्ज फेडावयाचे असल्याने मूळ भाग प्रमाणपत्र बँकेकडे तारण आहे, आणि संस्थेची व्याजासह १८,४०० रुपयांची बाकी आहे. करारनाम्यातच अशी अट घातली जाते की ही बाकी विक्रीच्या किमतीतून वळती करून थेट संस्थेला धनादेशाने द्यावी, आणि कर्ज फिटल्यावर विक्रेत्याने बँकेचे कर्जमुक्तीचे पत्र व मूळ प्रमाणपत्र मिळवून द्यावे. ५ जून रोजी दांपत्य संपूर्ण संच सादर करते आणि आपल्या प्रतीवर संस्थेच्या शिक्क्याची, तारखेसह पोच घेते. संस्था अधिमूल्याखेरीज १ लाख रुपये ‘निधी’ मागते. दांपत्य २५,६०० रुपयांचा धनादेश देते आणि सोबतच्या पत्रात परिपत्रकाची तारीख नमूद करून जादा मागणीचा लेखी आधार विचारते. तोंडी वाद घालण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण अशा मागणीला लेखी उत्तर देणे समितीला जड जाते. जुलैच्या समिती सभेत अर्ज मंजूर होतो.

मंजुरीनंतर खरेदीदाराने भाग प्रमाणपत्र उलटून पाहणे अगत्याचे आहे. मागील बाजूच्या तक्त्यात हस्तांतरणाचा अनुक्रमांक, समितीने ते मंजूर केल्याची तारीख, विक्रेत्याचा व खरेदीदाराचा सभासद नोंदवहीतील क्रमांक ही रकान्यांतील माहिती भरलेली असावी आणि खाली अध्यक्ष, सचिव व एक समिती सदस्य यांच्या सह्या असाव्यात. सही आहे पण सभेची तारीख कोरी आहे, अशी नोंद पुढे विकताना अडचणीत आणते. प्रमाणपत्रावरील नावांचा क्रम करारनाम्याप्रमाणेच ठेवावा, कारण संयुक्त सभासदांत मतदानाचा पहिला अधिकार प्रथम नावाच्या व्यक्तीचा असतो. ‘आय’ नमुन्यातील सभासद नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातील सभासदांची यादी यांतही बदल झाला आहे का, हे सचिवांना विचारावे आणि त्याच वेळी नवे नामनिर्देशनपत्र द्यावे. विक्रेत्याने केलेले नामनिर्देशन खरेदीदाराच्या उपयोगाचे नसते.

मूळ प्रमाणपत्र हरवले असेल, तर पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर सूचना आणि नुकसानभरपाईचे बंधपत्र घेऊन संस्था विक्रेत्याला दुय्यम प्रत देते. हे काम विक्रेत्यानेच, विक्री पुरी होण्यापूर्वी उरकलेले चांगले. नंतर त्याला गाठणे कठीण होते.

संस्थेने अर्जाचा निकाल तीन महिन्यांच्या आत कळवावयाचा असतो. तसे न केल्यास कलम २२ नुसार अर्जदार सभासद झाला असे मानले जाते, आणि त्याबद्दल वाद उद्भवल्यास निबंधक निर्णय देतात. वरील उदाहरणात ही मुदत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली असती, आणि ती मोजण्याचा एकमेव पुरावा म्हणजे ५ जूनची पोच. सचिव अर्ज स्वीकारतच नसतील, तर कलम २३ प्रमाणे तो रकमेसह सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे सादर करता येतो. ते तो संस्थेकडे पाठवितात आणि मिळाल्यापासून ६० दिवसांत संस्थेने उत्तर दिले नाही तर सभासदत्व मिळाल्याचे मानले जाते. अर्ज लेखी नाकारला गेल्यास दोन महिन्यांच्या आत निबंधकांकडे अपील करता येते.

मालमत्ता कराच्या आणि वीजजोडणीच्या नोंदी या प्रक्रियेने आपोआप बदलत नाहीत. त्यांसाठी महानगरपालिका आणि वीज कंपनीकडे स्वतंत्र अर्ज करावे लागतात, आणि त्यांना जोडण्यासाठी नव्या नोंदीसह भाग प्रमाणपत्राची प्रत हाताशी ठेवावी.