सिस्ट निघाली म्हणजे पीसीओडी झाला असं नाही

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'उजव्या अंडाशयात ४२ मिमीची सिस्ट' अशी ओळ दिसली की घरात पीसीओडीचा धोशा सुरू होतो. साखर बंद, वजन उतरव, लग्नाआधी उपचार घे. पीसीओडीत पाळी लांबते, मुरुमं येतात, नको तिथे केस येतात, हे आता सगळ्यांना पाठ आहे. ते सोडून देऊ.

खरा घोळ वेगळाच आहे. पीसीओडीत दिसतात ती २ ते ९ मिमीची पुष्कळ फॉलिकल्स, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढतं त्या अंडाशयातल्या बारीक पिशव्या. वाढता वाढता थांबलेली, त्यातलं एकही पुढे जात नाही. पाळीच्या चक्रातूनच तयार होणाऱ्या फंक्शनल सिस्टमध्ये नेमकं उलटं होतं. एक फॉलिकल पुढे निघतं, २० मिमीच्या आसपास पोचलं की फुटून स्त्रीबीज बाहेर पडायला हवं, पण ते फुटत नाही आणि आत पाणी साठत राहतं. ३ सेंमीच्या वर गेलं की ती फॉलिक्युलर सिस्ट. कधी फॉलिकल वेळेवर फुटतं, पण मागे उरलेल्या पिशवीचं, म्हणजे कॉर्पस ल्युटियमचं, तोंड मिटतं आणि आत पाणी किंवा रक्त भरतं. ही सिस्ट म्हणजे त्या महिन्यात स्त्रीबीज सुटल्याची खूणच!

दोन्ही जगतात त्या चक्रातल्या संप्रेरकांच्या जिवावर. तो आधार सुटला की भिंत आक्रसते, पाणी शोषलं जातं आणि दोन-तीन पाळ्यांत बहुतेक सिस्ट नाहीशी होते. रक्त भरलेली सिस्ट सोनोग्राफीत जाळीदार दिसते आणि घाबरवते, पण तिच्यातली गुठळीही हळूहळू विरघळते. 'सिस्ट विरघळवायला' गर्भनिरोधक गोळ्या देतात, ते मला अजिबात पटत नाही. नुसतं थांबलं तरी सिस्ट तितक्याच वेळात जाते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

आणि पुन्हा सोनोग्राफी करायची तर तारीख बघून करा. समजा, वरची ४२ मिमीची सिस्ट पातळ भिंतीची, आत स्वच्छ पाणी असलेली आहे. दोन महिन्यांनी पाळीच्या २२व्या दिवशी तपासलं आणि रिपोर्ट आला, 'डावीकडे २८ मिमी सिस्ट'. घरात पुन्हा रडारड. अहो, उजवीकडची गेली! डावीकडे दिसतंय ते बहुधा या महिन्याचं साधं कॉर्पस ल्युटियम. हीच तपासणी पाळीच्या ५व्या ते १०व्या दिवसात केली असती, तर हा गोंधळच झाला नसता. तिशीतल्या बाईची ५ सेंमीच्या आतली अशी साधी सिस्ट असेल तर पुन्हा तपासायची गरजही सहसा नसते.

तीन पाळ्यांनंतरही तिथेच असलेली, आत घट्ट भाग असलेली किंवा पाळी कायमची गेल्यानंतर सापडलेली सिस्ट मात्र फंक्शनल धरून बसू नये. एंडोमेट्रिओमा, डर्मॉइड अशी वेगळ्या प्रकारची गाठ किंवा आणखी काही असू शकतं. आणि ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा पुढच्या पाळीची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.