डॉमिनंट सेव्हन्थ 'सा'कडे का ओढतो: पार्श्वभूमी

पुण्यात पाश्चात्त्य संगीताच्या थिअरी परीक्षेला बसणारे बरेच जण हार्मोनियमवरून कीबोर्डकडे आलेले असतात, म्हणून इथे सगळं सरगमीतच मांडलं आहे. पांढरी एकचा सा धरला की टॉनिक म्हणजे सा-ग-प आणि डॉमिनंट सेव्हन्थ म्हणजे प-नी-रे-म, सगळे स्वर शुद्ध.

सोळाव्या शतकात हे चार स्वर एक कॉर्ड म्हणून कुणी मोजत नव्हतं. एक आवाज 'नी'वरून 'सा'वर चढायचा, दुसरा 'रे'वरून 'सा'वर उतरायचा, की मुक्काम झाला. 'म' हा 'प'शी खटकणारा स्वर. तो आधीच्या स्वरमेळातून धरून आणायचा किंवा प-म-ग असा जाता जाता लावायचा, असा दंडक होता. इटलीत १६००च्या सुमारास असे खटके तयारीशिवाय थेट वाजू लागले आणि त्यावर छापील वाद झाले. पण लागलेला 'म' 'ग'वर उतरवायचा, ही रीत टिकली.

१७२२ साली फ्रान्समध्ये निघालेल्या ग्रंथाने या कॉर्डला एक मूळ स्वर दिला, 'प', आणि मूळ स्वराची 'प'वरून 'सा'वर पडणारी उडी हीच चालना मानली. जर्मनीत १८९३ साली 'फंक्शन' हा शब्द पुढे आला. त्यात कॉर्डची कामं तीनच उरली: टॉनिक, सबडॉमिनंट, डॉमिनंट. आज आपण शिकतो ते बहुतेक याच मांडणीतून.

या मांडणीचं खरं बळ 'म'पाशी दिसतं. नुसतं प-नी-रे वाजवलं तर ते तीन मेजर सप्तकांत बसतं: पांढरी एक, पांढरी दोन आणि पांढरी पाच. 'म' जोडला की पहिलंच उरतं. कारण म आणि नी यांच्यातलं सहा अर्धस्वरांचं अंतर, म्हणजे ट्रायटोन, मेजर सप्तकात एकाच जोडीत सापडतं. शिवाय 'म' हा सबडॉमिनंटचा मूळ स्वर. म्हणजे एकाच कॉर्डमध्ये 'सा'च्या दोन्ही बाजू हजर आणि 'सा' तेवढा गैरहजर.

पण एकटा ट्रायटोन पुरत नाही. खाली 'नी', वर 'म' एवढंच वाजवा. त्याखाली 'प' दिला तर नी चढून सा होतो, म उतरून ग, जोडी आत मिटते. त्याच जोडीखाली काळी एक दिली तर खालची पट्टी काळी पाचवर उतरते, वरची काळी तीनवर चढते, जोडी बाहेर उघडते आणि मुक्काम काळी तीनच्या सप्तकात पडतो. पट्ट्या त्याच, दिशा ठरवली ती मंद्रातल्या स्वराने.

सगळ्यात जुना वाद ही ओढ निसर्गदत्त आहे का, याचा. तारेच्या चौथ्या ते सातव्या उपस्वरांतून ४:५:६:७ अशी कॉर्ड मिळते आणि ती दिसायला डॉमिनंट सेव्हन्थसारखीच असते. अठराव्या शतकापासून हा आधार वेळोवेळी पुढे केला गेला, आणि आजही तो शिकवणीत ऐकू येतो. एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरून मोजलं तर सातवा उपस्वर मूळ स्वरापासून सुमारे ९६९ सेंटवर येतो, कीबोर्डवरचा 'म' 'प'पासून १००० सेंटवर असतो. हा ३१ सेंटचा फरक कानाला कळतो. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे ४:५:६:७ नीट जुळवली की कॉर्ड स्वस्थ होते, खटका जवळजवळ मावळतो. ज्याने ओढ सिद्ध करायची, त्यानेच ती कमी होते. ब्लूजमध्ये तर गाणं याच जातीच्या कॉर्डवर थांबतं आणि कुणाला अपुरं वाटत नाही. त्यामुळे नी-सा आणि म-ग या अर्धस्वरी चाली, पडणारा मंद्र आणि शतकांची सवय, हेच उत्तर अधिक टिकाऊ आहे.

परीक्षेत गुण जातात तेही याच चालींवर. चार आवाजांत पूर्ण प-नी-रे-म लिहून प्रत्येक स्वर नियमाने सोडवला, की टॉनिकमध्ये तीन सा आणि एक ग उरतो, 'प' गायब. ते चालतं. 'प' हवाच असेल तर मधल्या आवाजातला 'नी' 'प'वर उतरवतात, किंवा आधीच 'रे' गाळून 'प' दोनदा घेतात. 'नी' मात्र दोनदा घेऊ नये. दोन्ही 'सा'वर चढले की समांतर अष्टकं होतात.

पेटीवर उजव्या हाताने प-नी-रे-म वाजवून तशीच उडी मारत खालच्या सा-ग-प वर गेलं की ओढ हरवते, कारण 'म'ला त्याच जागी 'ग' भेटत नाही. नी-रे-म-प असं धरा: नी आणि रे 'सा'वर, म 'ग'वर, प जागेवर. तानपुरा सुरू असेल तर परिणाम तरीही फिकाच राहतो. वरच्या दोन चाली ऐकू येतात, पण 'सा' आधीपासूनच खाली वाजत असल्याने मंद्राला पडायला जागा नसते.