भडक थंबनेल आणि वाचता येणारं थंबनेल

आमच्या सोसायटीतले एक काका निवृत्तीनंतर पक्ष्यांचे व्हिडिओ करतात. घोडबंदर रोडला राहतात, त्यामुळे येऊरचं जंगल त्यांना हाकेच्या अंतरावर. मागच्या पावसाळ्यात त्यांनी एका व्हिडिओचं थंबनेल मला दाखवलं: हिरवंगार रान, कोपऱ्यात नवरंग पक्षी आणि वर लाल अक्षरांत "येऊरच्या जंगलात पावसाळ्यात दिसणारे पक्षी – संपूर्ण माहिती". कॉम्प्युटरवर ठीक दिसत होतं. फोनवर मात्र लाल रंगाचा पट्टा आहे एवढंच कळायचं. काका वैतागले. "अरे, एवढं लालभडक लिहिलंय, तरी वाचता कसं येत नाही?"

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक रंगाचा फरक आणि दुसरा उजेडाचा फरक. लाल आणि हिरवा हे रंग म्हणून एकमेकांपासून खूप लांब आहेत. पण फोटोतल्या पानांचा हिरवा आणि काकांचा लाल हे दोन्ही जवळजवळ सारखेच गडद होते. बारीक अक्षराची कड डोळा मुख्यतः उजेडाच्या फरकावरून पकडतो. रंगाच्या फरकावरून 'इथे काहीतरी आहे' एवढं कळतं, पण तिथे 'भ' आहे की 'म' हे कळत नाही.

हा उजेडाचा फरक आकड्यात मोजता येतो. वेबवरच्या मजकुरासाठी WCAG नावाची मानकं आहेत. त्यांच्या हिशेबात एकसारख्या रंगांचं गुणोत्तर 1 येतं आणि पांढऱ्यावर काळ्याचं 21. साध्या मजकुराला किमान 4.5 आणि मोठ्या अक्षरांना किमान 3 हवं. काकांच्या फोटोतून पानांचा एक ठिपका उचलला तर त्याच्या रंगाचा कोड #3F6B2F निघाला. त्यावर शुद्ध लाल, म्हणजे #FF0000, ठेवला की गुणोत्तर येतं जेमतेम 1.6. त्याच पानांवर पांढरा ठेवला तर 6.3 आणि पिवळा ठेवला तर 5.8. WebAIM Contrast Checker मध्ये दोन कोड टाकले की हे कोणालाही बघता येतं.

उलट बाजूही पाहायला हवी. पांढऱ्यावर पिवळा रंग किती झगझगीत वाटतो! पण दोन्ही उजळ असल्यामुळे गुणोत्तर 1.07, म्हणजे जवळपास काहीच नाही. तोच पिवळा काळ्यासोबत आला की 19 च्या पुढे जातो. रेल्वेने ठाणे स्टेशनचं नाव पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत उगाच लिहिलेलं नाही.

फोनवर ही गल्लत जास्त महागात पडते, त्याचं एक तांत्रिक कारण आहे. व्हिडिओ आणि बऱ्याच JPEG फाइली साठवताना उजेडाची माहिती पूर्ण बारकाव्याने ठेवली जाते, पण रंगाची माहिती सहसा चार पिक्सेलमागे एकदाच ठेवतात. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात आणि पांढऱ्या अक्षरांच्या तेवढ्या फिसकटत नाहीत. त्यात दुपारी प्लॅटफॉर्मवर उभं राहून फोन बघितला तर काचेवरच्या उन्हाचा उजेड अक्षर आणि पार्श्वभूमी दोन्हींत मिसळतो, आणि मुळातच कमी असलेला फरक संपतो. लाल-हिरवा वेगळा ओळखता न येणाऱ्यांची अडचण तर आणखी वेगळी.

घरच्या घरी तपासायचं तर थंबनेल कृष्णधवल करून बघा. अँड्रॉइड फोनच्या Accessibility सेटिंगमध्ये Grayscale असतं, ते चालू केलं की सगळा फोनच करडा होतो. काकांच्या फोनवर केलं, तर लाल ओळ पानांत विरघळूनच गेली. एक खबरदारी मात्र घ्या. काही एडिटिंग अ‍ॅपमध्ये Saturation शून्यावर आणलं की शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच करड्या छटेचे होतात. खरं तर त्यांच्यात 8 चं गुणोत्तर आहे. म्हणून या तपासणीसाठी तो स्लायडर वापरू नका.

यावर काकांनी काढलेला पहिला तोडगा बहुतेक जण काढतात तोच होता: लाल अक्षरांना पिवळी जाड आउटलाइन. देवनागरीत हे फसतं. आपल्या लिपीत अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेच्या डोक्यावर बसतो, रफार तिथेच येतो, 'ष' आणि 'भ' यांच्या पोटात इवलीशी मोकळी जागा असते. जाड आउटलाइन ही सगळी भोकं बुजवते. 'घ' आणि 'ध' यांच्यातही मग फरक राहत नाही.

चाललं ते दुसरंच. अक्षरं पांढरी केली आणि त्यांच्या मागे काळा पट्टा टाकला, 60 टक्के अपारदर्शक. फोटोवर थेट लिहिण्यात अडचण अशी की पानांआडून ढगाळ आकाशाचे पांढरे तुकडे डोकावत असतात, आणि तिथे पांढरं अक्षर अर्धं गायब होतं. 60 टक्के काळ्या पट्ट्याखाली अगदी शुभ्र आकाश आलं तरी गुणोत्तर 5.7 राहतं. पट्टा 40 टक्क्यांचा केला तर तेच 2.8 वर घसरतं. काकांना 40 टक्केवाला जास्त सुरेख वाटत होता, आणि तो सुरेख होताही.

राहिला शब्दांचा प्रश्न. 1280 पिक्सेल रुंदीच्या थंबनेलमध्ये काकांची सात शब्दांची ओळ बसवायला अक्षरांचा आकार 70 ठेवावा लागला होता. देवनागरीत वेलांटी आणि उकारांसाठी वर-खाली जागा राखलेली असते, त्यामुळे शिरोरेषेपासून तळापर्यंतचं अक्षर साधारण 40 पिक्सेलच भरतं. अंदाजे 68 मिलिमीटर रुंद स्क्रीनवर थंबनेल पूर्ण रुंदीत आलं तर ते दोन मिलिमीटरच्या आसपास होतं. चॅनेलच्या यादीत थंबनेल डावीकडे छोटं दिसतं, तिथे ते एक मिलिमीटरही उरत नाही. यावर गुणोत्तर कितीही वाढवलं तरी उपयोग नाही.

खरं म्हणजे त्या सातही शब्दांची गरज नव्हती. व्हिडिओचं शीर्षक थंबनेलला लागूनच येतं. तेच पुन्हा चित्रावर कशाला? काकांनी शेवटी लिहिलं: "नवरंग आला!" दोनच शब्द, त्यामुळे आकार थेट 200 घेता आला. फॉन्ट मुक्ता, एक्स्ट्राबोल्ड. छोट्या यादीतही अक्षर अडीच मिलिमीटर राहिलं.

भडक रंग टाकून द्यायचा असं मात्र नाही. पटापट वर सरकणाऱ्या बोटाला थांबवण्याचं काम तोच करतो, फक्त ते काम अक्षरांच्या अंगावर टाकू नये. काकांचा लाल आता पक्ष्याकडे रोखलेल्या एका मोठ्या जाड बाणात आहे आणि बाणाला पांढरी कड आहे. बाण वाचायचा नसतो, त्यामुळे त्याची कड थोडी फिसकटली तरी बिघडत नाही.

व्हिडिओच्या आत येणाऱ्या मजकुराला रंगाचा नियम तोच, पण शब्दांची थोडी मोकळीक असते, कारण ती ओळ काही सेकंद थांबते. काका पक्ष्याचं नाव आणि ठिकाण अशी दोन छोट्या ओळींची पट्टी ठेवतात आणि ती मनातल्या मनात दोनदा वाचून होईपर्यंत हलवत नाहीत. थंबनेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मात्र ते काहीच लिहीत नाहीत. तिथे यूट्यूब व्हिडिओच्या वेळेचा काळा ठोकळा बसवतं, आणि आधीच्या थंबनेलमध्ये "माहिती"तला "ती" त्याच्याखाली गेला होता.